सोसायटीतल्या कुत्र्यांना खायला घालायची जागा गेटवरून मागे हलवायची आहे. कशी हलवावी?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमची चार विंगची सोसायटी आहे, पुण्याच्या बाहेरच्या बाजूला. ये-जा करायला एकच मुख्य गेट. मागच्या कंपाउंडलगत ट्रान्सफॉर्मर, पंपघर आणि कचऱ्याची खोली. आवारात पाच कुत्री आहेत. चौघांचे कान कापलेले आहेत, म्हणजे नसबंदी झालेली. पाचवी काळी मादी नवी आली आहे, तिची व्हायची आहे.

मी आणि बी विंगमधल्या एक काकू मिळून रोज संध्याकाळी साडेसातला गेटच्या आत, सिक्युरिटीच्या केबिनला लागून खायला घालतो. भात, त्यात कोंबडीची मान-पाय शिजवून. हे बरीच वर्षं विनातक्रार चालू होतं. गेल्या महिन्यात मात्र पार्सलवाल्या पोराच्या बाईकमागे कुत्री धावली, आणि चारच दिवसांनी ए विंगमधली एक मुलगी सायकलवरून पडली. कुणाला चावा नाही, पण मुलीचा गुडघा चांगलाच सोलवटला. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. सेक्रेटरी म्हणतात, "गेटवर नको, मागे न्या. जमत नसेल तर बंद करा." एवढं मला रास्त वाटतं.

अडचण अशी की मागे ट्रान्सफॉर्मरजवळ ताटल्या ठेवून पाहिल्या. कुत्री आली, हुंगली, दोघांनी चार घास खाल्ले आणि सगळी परत गेटवर जाऊन बसली. कुणी अशी जागा यशस्वीपणे हलवली आहे का? कृपया "प्राणी आवडतात तर घरी न्या" हा सल्ला देऊ नका. तो मिळून चुकला आहे.

कट्टेकरी

रुमाल टाकून ठेवतो. कुत्र्यांचा धागा म्हणजे दोनशे प्रतिसादांची निश्चिंती.

नानासाहेब७

यात विचारण्यासारखं काय आहे? सुप्रीम कोर्टानं रस्त्यावर खायला घालायला बंदी घातली आहे. २०२५ साली निकाल आला, सगळ्या पेपरात होतं. सरळ बंद करा, कुत्री आपोआप निघून जातील.

वरच्या मजल्यावरचा

नानासाहेबांशी सहमत. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे पडलेल्या मुलीचा बाप असतो त्या बाजूचा. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. आमच्या गेटवर रात्री आठला सहा कुत्री वाट बघत बसलेली असतात. ती वाट जेवणाची बघतात हे मला कळतं, त्याला कळत नाही. तो घाबरतो, पळतो, आणि पळाला की ती मागे लागतात. खायला घालणाऱ्या बाई म्हणतात, "त्याला पळू नकोस म्हणून शिकवा." स्वतःच्या घराच्या दारात शिरायचं प्रशिक्षण माझ्या मुलानं का घ्यायचं?

रानजाई

@वरच्या मजल्यावरचा, तुमचा मुद्दा मान्य आहे. म्हणूनच तर जागा हलवायची आहे.

कलमबहाद्दर

नानासाहेब, अर्धंच वाचलंत. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खायला घालू नये असं आहे, बरोबर. पण त्याच आदेशात पालिकांनी प्रत्येक वॉर्डात खाण्याच्या ठरावीक जागा करून द्याव्यात असंही आहे. नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडायची, हेही त्यातच. रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळली. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, बस स्टँड वगैरे आवारांसाठी वेगळा आणि कडक आदेश आला. तो राहत्या सोसायट्यांबद्दल नव्हता. लोक दोन्हींची भेळ करतात.

सोसायटीच्या आवारासाठी कामाचा आहे तो २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतला २० वा नियम. मी आमच्या सोसायटीत पाच वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे नाइलाजानं पाठ झाला आहे. त्यात खाण्याची सोय करायची जबाबदारी चक्क सोसायटीवर टाकली आहे. खायला घालणाऱ्यांशी बोलून जागा ठरवायची. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करायच्या दारांपासून लांब हवी. वेळही मुलं आणि म्हातारी माणसं कमी असतील अशी हवी. आणि घालणाऱ्यानं तिथे घाण ठेवायची नाही. म्हणजे रानजाई, गेटवरची तुमची जागा नियमातही बसत नाही आणि तुमच्या सोसायटीची सरसकट बंदीही बसत नाही. दोघांनाही मागेच जायचं आहे.

नानासाहेब७

आणि नाहीच जमलं एकमत तर?

कलमबहाद्दर

तर त्याच नियमाप्रमाणे समिती बसते. त्यात मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिसांचा माणूस, प्राणी संस्थेचा, सोसायटीचा आणि तक्रारदार. ती जागा ठरवते. कागदावर. प्रत्यक्षात ती बसेपर्यंत तुमची कमिटी दोनदा बदललेली असते. आपसात मिटवलेलं बरं.

कोकणी मिरची

आमच्याकडे पण हाच त्रास! लिफ्टमधून लॅब्राडोर नेतात आणि लिफ्टभर केस. मालकांना बोललं की म्हणतात तो कुणाला काही करत नाही. अहो पण साडीला केस लागतात त्याचं काय? जागा हलवायची म्हणजे सर्व्हिस लिफ्ट वापरायची सक्ती करावी, आम्ही तसंच केलं.

कट्टेकरी

मिरचीताई, इथे पाळीव नाही, भटक्या कुत्र्यांचं चाललंय. ती लिफ्टनं जात नाहीत. अजून तरी.

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. गाई-म्हशींत आयुष्य गेलं, गेली काही वर्षं एका संस्थेच्या नसबंदी केंद्रावर काम करतो. रानजाई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारतो, कारण त्या कळल्याशिवाय दिलेला सल्ला वाऱ्यावर जाईल.

एक, तुमच्या दोघींशिवाय गेटवर अजून कोण खायला घालतं? "कुणी नाही" असं लगेच लिहू नका, रात्री अकराला खाली जाऊन बघा. दोन, ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीपलीकडे काय आहे, आणि तिथे दुसरी कुत्री आहेत का? तीन, जे दोघे मागे येऊन चार घास खाऊन गेले ते कुठले, आणि जाताना काय करत गेले? शेपटी ताठ होती का? कुठे मुतले का?

सुलभाकाकू

मी ७१ वर्षांची आहे, रोज सकाळी बिल्डिंगखाली बाकावर बसून बिस्किटं घालते. दूधही देते. इतकी वर्षं कुणाला चावलं नाही. हे नियम, समित्या, जागा... मुक्या जिवाला भूक लागली की तो नियम बघत नाही. ज्याला पोटतिडीक नाही त्यालाच असल्या अटी सुचतात.

वरच्या मजल्यावरचा

काकू, पोटतिडीक आम्हालाही आहे, आमच्या पोरांबद्दल.

गोठ्यातला डॉक्टर

काकू, रागावू नका, पण दूध-बिस्किटांबद्दल बोलतोच. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. गोड बिस्किटांनी पोट भरत नाही, नुसती सवय लागते. त्यातून होतात जुलाब, आणि ते होतात पार्किंगमध्ये नाहीतर कुणाच्या तरी दारात. सोसायट्यांमधल्या निम्म्या तक्रारी खरं तर शी-बद्दल असतात. शी घट्ट असेल तर कागदात उचलता येते, पातळ असेल तर फरशी धुवावी लागते, आणि ती धुणारा माणूस तुमच्या विरोधात मत देतो. भात, त्यात अंडं किंवा कोंबडी, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. शिजवलेली हाडं काढून टाकायची, ती चिरफळतात आणि आतड्यात टोचतात. रानजाई, मानेची हाडंसुद्धा.

फिरस्ता

चॉकलेट आणि मनुकाही नको हे मला माझ्या कुत्रीच्या आजारपणात कळलं. शिऱ्यातले मनुके खाल्ले होते तिनं.

रानजाई

डॉक्टर, तुमचे प्रश्न घेऊन खाली गेले. उत्तरं देते.

रात्रीचा वॉचमन डबा खाऊन झाला की उरलेली पोळी केबिनच्या पायरीवर मोडून टाकतो. शिवाय सी विंगमधला एक मुलगा कामावरून बाराला येतो, तो बाईक लावतानाच खिशातून बिस्किटाचा पुडा काढतो. दोघांनाही आमच्याबद्दल माहीत होतं, आम्हालाच त्यांच्याबद्दल नव्हतं. म्हणजे गेटवर रात्रीत तीन वेळा जेवण आहे.

भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे, तिथे बांधकामाच्या मजुरांची वस्ती आणि चार-पाच कुत्री. भिंतीला खाली एक भगदाड आहे, पावसाचं पाणी जायला ठेवलेलं.

आणि तिसरं. तपकिरी बोका (बोका हे कुत्र्याचं नाव आहे, हसू नका) जनरेटरपर्यंत नीट येतो. तिथे थांबतो, नाक वर करतो, जनरेटरच्या कोपऱ्यावर तंगडी वर करतो आणि माघारी वळतो. दोनदा पाहिलं. बाकीची त्याच्याकडे बघून वळतात.

कट्टेकरी

बोका नावाचा कुत्रा. या सोसायटीत मला फ्लॅट हवा.

गोठ्यातला डॉक्टर

उत्तम निरीक्षण. म्हणजे जनरेटरचा कोपरा ही तुमच्या टोळीची हद्द आहे, आणि ट्रान्सफॉर्मर पलीकडच्या टोळीच्या ताब्यात, तेही त्या भगदाडातून. तुम्ही त्यांना परक्याच्या ओसरीवर पान वाढलंत, मग ती जेवतील कशी? जबरदस्तीनं तिथेच जेवण लावून धरलंत तर रात्री मारामाऱ्या होतील, आणि त्या आवाजाच्या तक्रारी तुमच्याच नावावर जमा होतील. दोन टोळ्यांना एका ताटावर आणायचं नाही. जागा जनरेटरच्या अलीकडे हवी. पंपघर कुठे आहे?

रानजाई

जनरेटरच्या अलीकडे साधारण वीस पावलांवर. बी विंगची मागची बाजू. तिथे फक्त बाथरूमच्या खिडक्या आहेत, कुणी फिरकत नाही. खेळायची जागा पुढच्या बाजूला आहे.

गोठ्यातला डॉक्टर

मग तीच जागा. आता कसं न्यायचं ते सांगतो. घाई केली तर फसतं.

आधी वेळ बदला, जागा नंतर. दोन्ही एकदम बदललं तर कुत्र्यांना काय चुकलं ते कळत नाही आणि ती जुन्या जागीच जास्त वेळ थांबतात. साडेसात ही तुमच्या गेटवरची सगळ्यात गर्दीची वेळ आहे: ऑफिसातून येणारे, पार्सलवाले, खेळून परतणारी मुलं. आणि कुत्री साडेसातला येत नाहीत, ती पावणेसातलाच येऊन बसतात. ही आधीची पाऊण तासाची प्रतीक्षाच खरी भांडणाची वेळ. पोटात भूक, पाच जणांची जवळीक, आणि समोरून बाईक. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे सरका. साडेनऊ-पावणेदहापर्यंत नेलंत की पुरे. पहाटे सहाही चालेल, पण तुम्हाला आणि काकूंना झेपेल ते करा, कारण वेळ पाळली नाही तर सगळं फुकट.

वेळ बसली की जागा. एका वेळी दहा-बारा पावलं, तिथे तीन-चार दिवस, मग पुढची दहा-बारा. ताटल्या त्याच, हाक तीच, ताटली वाजवायची सवय असेल तर तेही तसंच. घालणारी माणसं तीच. पाच ताटल्या पाच ठिकाणी ठेवा, दोन ताटल्यांत निदान दोन हातांचं अंतर, आणि सगळ्यात दादा कुत्र्याला आधी वाढा. त्याला शेवटी वाढलंत तर तो दुसऱ्याची ताटली घेतो आणि तिथून सुरू होतं. एखादा मागे राहिला, गेटवरच बसला, तर त्याच्यासाठी गेटवर ताटली न्यायची नाही. एक दिवस उपाशी राहील, दुसऱ्या दिवशी येईल.

जुनी जागा साबणाच्या पाण्यानं घासून धुवा. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास मुतासारखा येतो आणि ती पुन्हा तिथेच खूण करतात.

आणि हे सगळं वॉचमन आणि त्या बाईकवाल्याशी बोलल्याशिवाय सुरूच करू नका. गेटवर पोळी पडते आहे तोवर एकही कुत्रं गेट सोडणार नाही, तुम्ही पंपघरावर बिर्याणी ठेवलीत तरी.

नानासाहेब७

तरीही माझा मूळ प्रश्न राहिला. बंद केलं तर निघून जाणार नाहीत का? खायला मिळतं म्हणूनच थांबतात ना.

गोठ्यातला डॉक्टर

अर्धं बरोबर आहे. कुत्री जागेला धरून राहतात ती खाणं, निवारा आणि टोळी या तिन्हींमुळे. तुम्ही बंद केलंत तर कचऱ्याची खोली आहेच. ती उघडी असेल तर कुत्री तिथे जातील, पिशव्या फाडतील, आणि भुकेली असल्यानं जास्त भांडतील. खाणं आणि कचरा दोन्ही बंद झालं तर हळूहळू संख्या घटते, हे खरं. पण नसबंदी आणि लस झालेली टोळी हलली की रिकाम्या जागेत बाहेरची शिरतात, आणि त्यांच्या कानाला काप नसतो. तुमच्या गेटवर कोणती हवीत, हा विचार करा.

वरच्या मजल्यावरचा

डॉक्टर, तुमचं लिहिणं पटतं, पण एक खटकतं. सगळी मेहनत कुत्र्यांची सोय बघून चालली आहे. पाण्याच्या भांड्यांचं काय? आमच्याकडे प्रत्येक जिन्याशी सिमेंटचं भांडं आहे, हिरवं पाणी, आणि गेल्या पावसाळ्यात तीन घरांत डेंगी.

रानजाई

पाण्याची दोन भांडी ठेवते, रोज संध्याकाळी ओतून नवं भरते.

फिरस्ता

नुसतं ओतून चालत नाही. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटतात, पाणी ओतलं तरी राहतात, सुकली तरी कित्येक महिने टिकतात. आतून खरवडून घासायला हवं. आठवड्यातून एकदा घासलं तरी पुरतं, कारण अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. मी मलेरिया विभागात होतो, म्हणून एवढं ठाऊक. गुळगुळीत स्टीलचं भांडं सिमेंटपेक्षा बरं, घासायला सोपं.

वरच्या मजल्यावरचा

हे आमच्या ग्रुपवर टाकतो. धन्यवाद.

सुलभाकाकू

मी बाकावर घालते ते बंद करायचं का मग? सकाळी मला तेवढीच सोबत असते.

गोठ्यातला डॉक्टर

काकू, बंद करू नका. बाक बदला. मुलांची शाळेची बस जिथे थांबते त्यापासून लांबचा घ्या, आणि बिस्किटांऐवजी उकडलेलं अंडं. एका कुत्र्याला एक पुरे. तुमच्या समोर संपलं पाहिजे. उरलं तर उचला, नाहीतर दहा मिनिटांत कावळे आणि संध्याकाळी उंदीर.

कोकणी मिरची

पण एका कुत्र्याला घालायचं किती? आमच्या मागच्या गल्लीत एक बाई बादलीभर भात ओततात, निम्मा तसाच आंबतो.

गोठ्यातला डॉक्टर

आपल्याकडची रस्त्यावरची कुत्री १५-१८ किलोची असतात. दुसरं काहीच मिळत नसेल तर दिवसाला भात आणि कोंबडी मिळून अर्धा किलोच्या आसपास शिजलेलं अन्न. पण दुसरं काही मिळत नाही असं कधी नसतं. तुम्ही मापं मोजत बसू नका. ताटली पंधरा मिनिटांत चाटून स्वच्छ झाली की प्रमाण बरोबर. शिल्लक राहिलं तर उद्या कमी. हाच एक काटा.

रानजाई

धागा वर काढते. काम बऱ्यापैकी झालं आहे, तर इथे लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल.

वॉचमनशी बोलायला मी आणि सेक्रेटरी दोघे गेलो. तो आधी बिचकला, त्याला वाटलं नोकरी जाते. त्याचं म्हणणं साधं होतं: रात्री एकटा असतो, कुत्री जवळ असली की धीर वाटतो. मग ठरलं की तो पोळी मोडून माझ्या डब्यात टाकतो आणि ती पंपघरावर जाते. बाईकवाला मुलगा पटकन तयार झाला. तोच आता शनिवार-रविवार ताटल्या लावतो.

वेळ साडेनऊपर्यंत नेली, त्यात फार त्रास झाला नाही. जागा हलवताना मात्र बी विंगचा कोपरा ओलांडेना. तिथे एक जुनी लाल कार उभी असते, तिच्याखाली आमची म्हातारी कुत्री झोपते. बाकीची पुढे आली, ती कारखालून हलेना, आणि बोका तिच्याशिवाय जेवेना. शेवटी डॉक्टरांना व्यनि केला. त्यांनी सांगितलं, तिचे सांधे दुखत असतील, दहा-बारा पावलांऐवजी चार-पाच पावलं घ्या. तसं केलं. आता ती सगळ्यात शेवटी पोचते, पण पोचते.

गेटवर एक पांढरा कुत्रा अजून बसतो. जेवायला मागे येतो, जेवून परत गेटवर. तो परत का जातो, तेवढं मला कळत नाही.

ताटल्या उचलणं आणि जागा झाडणं आम्ही दहाच्या आत करतो. बी विंगच्या पहिल्या मजल्यावरून सुरुवातीला बाथरूमच्या खिडकीतून वास येतो म्हणून तक्रार आली, ती रास्त होती. कोंबडी तिथेच मिसळत होतो, आता घरून मिसळून नेतो. जागा आणि वेळ कागदावर लिहून कमिटीची आणि आमची सही घेतली. कलमबहाद्दर, तुमचा २० वा नियम त्यात वर टाकला, त्यामुळे सेक्रेटरींचाही भाव वाढला.

कलमबहाद्दर

त्या कागदात एक ओळ वाढवा: तुम्ही गावाला गेलात तर कोण घालणार, त्याचं नाव. सगळे करार तिथे फाटतात. चार दिवस कुणी आलं नाही की कुत्री गेटवर परत.

कट्टेकरी

आणि पांढऱ्याला बोका मांजर वाटत असेल, म्हणून तो लांब बसतो.

वरच्या मजल्यावरचा

रानजाई, अभिनंदन. आमच्या कमिटीला हा धागा वाचायला दिला. पण एक सांगा, रात्रीचं भुंकणं कमी झालं का? आमच्याकडे खरी डोकेदुखी पहाटे तीनला असते.

रानजाई

खरं सांगू का, नाही. गेटवरचं धावणं जवळपास थांबलं. रात्री मात्र भुंकतातच, उलट आता मागच्या बाजूला जास्त. भगदाडापलीकडची कुत्री आणि आमची, दोघांचा सामना. ए विंग खूश, बी विंग नाराज.

गोठ्यातला डॉक्टर

भगदाडाला जाळी बसवा. पाणी जाईल, कुत्रं येणार नाही. थोडा फरक पडेल, पूर्ण थांबेल असं मी सांगणार नाही. आणि काळी मादी? ती माजावर आली तर दोन्ही टोळ्यांचे नर तुमच्या पंपघरावर असतील, मग भुंकण्याचं विचारू नका. माज वर्षातून साधारण दोनदा येतो, गाभण राहिली की दोन महिन्यांत पिल्लं. पिल्लं झालेली मादी कुणालाही जवळ येऊ देत नाही, तेव्हा चावे होतात.

नानासाहेब७

चावलं तर कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची आणि ते मेलं तरच इंजेक्शन घ्यायचं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं.

गोठ्यातला डॉक्टर

नाही, नाही, नानासाहेब. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस त्याच दिवशी सुरू. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात ती लस चालू असताना, म्हणजे ते ठणठणीत राहिलं तर पुढचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. वाट बघत बसायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळपास काहीच हातात राहत नाही.

रानजाई

काळीला न्यायला गाडी पुढच्या आठवड्यात येणार आहे. ती माणसाला हात लावू देत नाही, फक्त जेवायला येते. काही तयारी?

गोठ्यातला डॉक्टर

आधी बघा, आचळं फुगलेली किंवा दूध येत असलेली दिसतात का. तसं असेल तर पिल्लं कुठेतरी आहेत, आत्ता नेऊ देऊ नका, ती दूध सोडेपर्यंत थांबा. नसेल तर आदल्या संध्याकाळी तिचं जेवण निम्मं करा, म्हणजे भुकेली येईल. पकडणाऱ्यांना पंपघराची जागा आणि साडेनऊची वेळ सांगा, त्यांचं काम सोपं होतं. ताटली तुम्हीच ठेवा, पण जाळी टाकताना तिच्या समोर उभ्या राहू नका. नाहीतर परत आल्यावर ती तुमच्या ताटलीपासूनच लांब राहील. ऑपरेशननंतर चार-पाच दिवस केंद्रात ठेवून ती इथेच सोडतात. गाडीवाल्यांकडून उचलल्याची पावती घ्या, त्यावर जागेचं नाव नीट लिहिलंय ना ते तपासा.

वरच्या मजल्यावरचा

आमच्या गेटवरच्या सहांपैकी दोघांचे कान अख्खे आहेत. ती गाडी आमच्याकडे येईल का? कुणाला फोन करायचा?

कलमबहाद्दर

तुमच्या पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला लेखी अर्ज करा, सोसायटीच्या लेटरहेडवर, कुत्र्यांचे फोटो आणि ती कुठे-कधी सापडतात ते लिहून. खायला घालणाऱ्या बाईंची सही त्यावर घ्या, गाडी आली की त्यांच्याच हाकेला कुत्री येणार आहेत.

वरच्या मजल्यावरचा

म्हणजे मला त्यांच्याशी बोलावं लागणार.

कट्टेकरी

हा अर्ज पालिकेपेक्षा अवघड दिसतोय.